दोन घंट्यांची भीती

माझं अक्षर आधीच वाकडंतिकडं, त्यात ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथी पास झाले आणि पाटी कायमची सुटली. ही वही कुणी उघडलीच तर चुका पोटात घाला. मी लिहिते ते माझं मला हलकं वाटावं म्हणून. ज्या गोष्टीनं मला इतका वैताग दिला ती तोंडानं कुणाला सांगता आली नाही. सांगायला गेले की लोक हसतात, आणि हसले की माझं बोलणं बंद होतं.

जळगावात मी एका गुजराथी जैन घरी स्वयंपाक करायची. घरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळे बा म्हणत. त्यांचं माहेर आणि अर्धं आयुष्य धुळ्याचं, दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलण्यात गेलेलं. माझं माहेर साक्रीकडचं, म्हणून माझ्याशी त्या अहिराणीच बोलायच्या. त्यांचा धाकटा मुलगा हिऱ्यांच्या धंद्यासाठी हाँगकाँगला राहायला गेला. आईला तिकडे न्यायचं ठरलं तेव्हा बा म्हणाल्या, अक्का येईल तर मी येईन. कांदा, लसूण, बटाटा न घालता त्यांच्या चवीचं रांधणारी दुसरी तिथे कोण मिळणार? तर अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर मीही विमानात बसले. घरी विचारणारं कुणी नव्हतंच. आमच्या घरधन्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

दिवाळीनंतर बा न्हाणीघरात पडल्या. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि दीड महिना दवाखाना आला. बा चोविहार पाळायच्या. म्हणजे सूर्य बुडाला की सकाळपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. दवाखान्याचं जेवण त्या शिवतही नसत. सकाळचा डबा त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे शेठ, आपल्या गाडीतून नेऊन देत, पण संध्याकाळी ते कामावर अडकलेले, आणि त्यांच्या बायकोच्या, भाभींच्या, कडेवर चार महिन्यांचं बाळ. संध्याकाळचा डबा मी न्यायचा असं ठरलं. दवाखान्यात भेटायला पाचच्या आधी सोडत नसत, आणि त्या हिवाळ्यात पावणेसहाच्या आत दिवस मावळायचा. जेवायला वेळ तेवढाच. तेवढ्यात डबा पोचला नाही तर बा रात्रभर उपाशी, आणि त्यांच्या गोळ्या जेवणानंतरच्या. हे सगळं माझ्या आणि त्या बसच्या हातात.

पहिल्या दिवशी भाभी बाळाला पोटाशी बांधून माझ्याबरोबर आल्या. त्यांनी मला एक कार्ड दिलं. खेळायच्या पत्त्याएवढं, गुळगुळीत.

"अक्का, यात पैसे भरलेले आहेत," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरजवळच्या डब्याला हे टेकवायचं. टिट वाजलं की भाडं कापलं. उतरताना काही करायचं नाही, मधल्या दारानं सरळ उतरायचं."

"तिकीट?"

"तिकीट नाही."

"मग तिकीट काढलं हे कळणार कुणाला?"

"डब्याला कळतं."

त्या कार्डाला बटव्यातून बाहेर काढायचीही गरज नव्हती. पुढची बाई तर आपली पर्सच डब्यावर ठेवून पुढे गेली. मी मात्र कार्ड काढूनच टेकवायची. पैसे द्यायचे आणि ते दिसूही द्यायचे नाहीत, हे मला पटत नव्हतं. डब्यावर आकडे यायचे, किती कापले आणि किती उरले. इंग्रजी आकडे मला कॅलेंडरामुळे वाचता येत होते, तेवढंच.

"आणि हे बटण," भाभींनी खांबावरचं लाल बटण दाखवलं. "आपला थांबा आला की दाबायचं. दवाखाना पाचवा थांबा. मोजा आणि दाबा, झालं."

झालं, म्हणे. ज्यांना येतं त्यांचं सगळं झालंच असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले. डब्याच्या पिशवीत मुगाची खिचडी, फुलके, दुधीची भाजी आणि उकळून गार केलेलं पाणी. गाडी थांबली की मी एक बोट मोडायची. एक, दोन, तीन. तिसऱ्यानंतर गाडी बराच वेळ धावली, चौथ्याला थांबली, आणि बाहेर पाहते तर समुद्र. समुद्र तर काल दिसला नव्हता. घाबरून लोकांच्या मागोमाग उतरले. नंतर भाभींकडून कळलं की तिथे कुणी घंटी दाबली नाही आणि खाली कुणी हात दाखवला नाही, तर गाडी थांब्यावर थांबतच नाही, सरळ पुढे जाते. म्हणजे थांबे मोजायचे ते गाडी थांबल्याचे नाहीत, रस्त्यावरच्या पाट्यांचे. हे आधी सांगायला काय झालं होतं? आमच्या एसटीला तरी प्रत्येक गावच्या स्टँडावर जाऊन नोंद करावी लागते, उतरणारा असो की नसो.

रस्ता ओलांडून मी उलट्या बाजूला उभी राहिले आणि आमच्या नंबरची गाडी येताच हात आडवा केला. हात दाखवायला मात्र मला कुणी शिकवायला नको होतं, साक्रीच्या फाट्यावर जन्म गेला होता. गाडी थांबली. पुन्हा टिट, पुन्हा भाडं. दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वापाच होऊन गेले होते. बा जेवल्या. जादा भाड्याचं मी भाभींना सांगितलं नाही. एकदा सांगायचं राहिलं की रोजच राहतं.

मग मी खूण धरली. दवाखान्याच्या आधीच्या थांब्यावर सुक्या माशांचं दुकान होतं. दारात मासे दोरीला टांगलेले, आणि गाडीचं दार उघडलं की वास आत. मांडीवर बांचा डबा, आणि नाकाला पदर. पण खूण पक्की होती. मासे गेले की पुढचा थांबा दवाखाना.

खूण मिळाली तरी बटण दाबणं राहिलंच. ते माझ्यानं होईना. यावर कुणीही हसेल, पण मी आठ वर्षांची असताना साक्री-धुळे गाडीत छताची दोरी ओढली होती. गंमत म्हणून. घंटी वाजली आणि गाडी माळावर मधेच थांबली. कंडक्टरनं सगळ्यांसमोर माझा कान धरला आणि आईला म्हणाला, "दोरी कंडक्टरची असते. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तुमच्या पोरीनं गाडी चालवायची का?" आई धुळ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून घंटी ही आपली वस्तू नाही, एवढं माझ्या हाताला ठाऊक होतं. डोक्यानं कितीही सांगितलं तरी हात बटणापर्यंत जाऊन परत यायचा.

नशीब असं की त्याच गाडीत रोज एक चिनी म्हातारी असायची. केस पांढरे, अंगात निळं कापूस भरलेलं जाकीट, मांडीवर मोठा थर्मास. तीही दवाखान्यातच कुणाला तरी सूप न्यायची. माझ्या आधी कुठून तरी बसलेली असायची. मासे गेले की ती बसल्या बसल्या अंगठ्यानं बटण दाबायची, दारावरची घंटी दाबावी तसं. घंटी वाजायची, पुढे लाल दिवा लागायचा, गाडी दवाखान्यापाशी उभी. मी तिच्यामागून उतरायची. आठवडाभर मी त्या म्हातारीच्या अंगठ्यावर प्रवास केला. बांना वाटत होतं, अक्का शिकली.

आणि एक दिवस ती नव्हती.

गाडी अर्धी रिकामी होती. आज दाबावंच लागणार. विसरले तर, उशीर झाला तर, म्हणून मी मासे यायच्या बऱ्याच आधी, हिरव्या पुलापाशीच डोळे मिटून बटण दाबलं. घंटी वाजली. दिवा लागला. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. आणि गाडी माशांपाशी उभी राहिली.

साहजिकच होतं. घंटी वाजली की जो पहिला थांबा येईल तिथे गाडी थांबणार. मधलं दार उघडलं, वास आला, कुणी उतरेना. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. काहीतरी बोलला. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू घंटी दुसऱ्याच कुणी वाजवली. दार मिटलं, दिवा विझला, गाडी सुटली. आता दवाखान्यासाठी पुन्हा दाबायला हवं होतं. पण एक घंटी तर मी वाजवून बसले होते. आता वाजवली तर ती दुसरी. दोन घंट्या म्हणजे चल. ड्रायव्हर जोरात नेईल. मी बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं नाही. दवाखाना डाव्या हाताला आला आणि गेला. तिथून पुढचा थांबा समुद्राचा, मधे नवीन रस्त्याचं काम चाललेलं आणि गाड्यांची रांग लागलेली. उलटी गाडी मिळून परत येईपर्यंत रस्त्यावरचे दिवे लागले होते.

बा उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याशी रुमाल लावलेला. खिडकीबाहेर काळोख.

"काय व अक्का," त्या म्हणाल्या, "सूर्य बिचारा तुन्ही वाट देखी देखी बुडी गया."

मी डबा उघडायला गेले तर त्यांनी हात धरला. थोड्या वेळानं शेठ आले. परिचारिका गोळ्या घेऊन दोनदा येऊन गेली होती. उपाशीपोटी गोळ्या देता येणार नाहीत, आणि गोळ्या चुकवून चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी शेठना बाहेर बोलावून सांगितलं होतं. शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"अक्का, उद्या पुन्हा असं झालं तर मी बांना रात्री खायला लावणार," ते म्हणाले. "पाप लागलं तर मला लागू दे."

"मी तोंड उघडाव नही," बा म्हणाल्या.

"बा, हट्ट करू नका."

"पंचावन्न वरीसनं व्रत शे. हट्ट तू करस."

शेठ बाहेर गेले. बांनी मला जवळ बोलावलं आणि काय झालं ते विचारलं. मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. म्हातारीचा अंगठा, हिरवा पूल, दोन घंट्या, सगळं. बा हसतील असं वाटलं. त्या हसल्याच, पण मांडीत कळ आली म्हणून थांबल्या.

"तठे कंडक्टर शे का?"

"नही."

"मंग घंटी कोन मारी? तुन्हा मामा?"

मी डबा पिशवीत ठेवू लागले.

"आधलं ठेसन गयं का मंग बटन दाब. पहिले दाबी दिधं तर गाडी पहिलेच उभी राही. आनि दोनदा दाब, दहादा दाब. मोजनारा कोन शे तठे?"

बिछान्यावर पडलेल्या, त्या गाडीत कधी न बसलेल्या बाईला जे कळलं ते मला बारा दिवसांत कळलं नव्हतं. याचा मला त्या वेळी फार राग आला. त्यांचा नाही, माझा.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या गाडीसाठी आधीच जाऊन उभी राहिले. आज काही चुकू द्यायचं नव्हतं. गाडी आली, चढले, कार्ड टेकवलं. टिट वाजलं नाही. वेगळाच, रागावल्यासारखा आवाज आला. पुन्हा टेकवलं. पुन्हा तसाच. ड्रायव्हरनं डब्याकडे बोट दाखवलं. मागे माणसं खोळंबलेली.

कार्ड संपलं होतं. भाभींनी जायचं एक आणि यायचं एक असे हिशेबानं पैसे भरले होते, आणि मी चुकीच्या फेऱ्यांत ते खाऊन टाकले होते. आदल्या रात्री परत येताना डब्यावर आकड्याच्या आधी एक आडवी रेघ दिसली होती. मला वाटलं डबा बिघडला. ती रेघ म्हणजे कार्डात काही उरलं नाही, उलट कार्डाचंच माझ्याकडे येणं झालं, हे नंतर समजलं. एकदा तेवढं उधार चालतं, पुढे चालत नाही. माझ्याजवळ सुटा पैसा नव्हता. पगार शेठांकडे जमा व्हायचा. घरी परत जाऊन भाभींकडून पैसे आणायचे तर पुढची गाडी, आणि पुढच्या गाडीनं सूर्य गाठला नसता.

मी उतरायला वळले. उतरायला तरी कुठून? चढणारे दारात. तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं. थर्मासवाली म्हातारी. पुढच्याच बाकावर बसली होती. ती उठली, चढणाऱ्या माणसांना कोपरानं सारत पुढे आली, जाकिटाच्या खिशातून नाणी काढली आणि ड्रायव्हरजवळच्या पैशांच्या पेटीत खळाखळ टाकली. तिथे सुटे परत देत नाहीत, म्हणून एकेक बघून बरोबर तेवढीच टाकली. मग माझ्या दंडाला धरून मला आपल्या शेजारी बसवलं आणि काहीतरी बडबडली. सूर ओळखीचा होता. आमच्याकडे म्हाताऱ्या वेंधळ्या सुनांना असंच बोलतात.

आता तीच बटण दाबेल म्हणून मी निवांत झाले असते. पण म्हातारी थर्मासवर हनुवटी टेकून झोपली. कालचा दिवस ती का आली नव्हती कोण जाणे, जागरण झालं असावं. हिरवा पूल गेला. मी बटणाकडे पाहिलं नाही. मासे आले. कुणीतरी चढलं, दार मिटलं, गाडी सुटली. आधलं ठेसन गयं. मी उभी राहून बटण दाबलं. घंटी वाजली, दिवा लागला. तरी खात्री वाटेना म्हणून पुन्हा दाबलं. वर आणखी एकदा. शेजारच्या मुलीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण गाडी काही पळाली नाही. ती हळू झाली आणि दवाखान्याच्या दारापाशी उभी राहिली. मी म्हातारीला हलवून उठवलं. ती आधी बटणाकडे, मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलली आणि माझ्या पुढे उतरून चालू लागली.

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. बांनी सावकाश, एकेक घास मोजून खाल्ला. खिचडी संपल्यावर भाजी मागितली. समोरच्या इमारतीच्या काचांवर ऊन होतं. पाणी पिऊन त्यांनी हात जोडले, मग परिचारिकेनं गोळ्या दिल्या.

"फुलका कडक शे व आज," बा म्हणाल्या. त्यांना दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

रात्री मी भाभींना सगळं सांगून टाकलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अक्का, चुकीच्या बसचे पैसे मी दिले नसते का? कार्ड रिकामं करून हिंडताय." मग त्यांनी स्टेशनावर जाऊन कार्डात पैसे भरले आणि माझ्या पगारातून सुटी नाणी काढून दिली. म्हातारीचे पैसे त्याच देत होत्या, पण ते माझं देणं होतं.

ते देणं फेडणं हा निराळाच वैताग. दुसऱ्या दिवशी मी नाणी पुढे केली, तिनं माझी मूठ मिटवली. तिसऱ्या दिवशी मी ती तिच्या थर्मासच्या पिशवीत टाकली, उतरताना तिनं ती शोधून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. चौथ्या दिवशी आमची अशी ओढाताण झाली की ड्रायव्हर आरशात बघून हसू लागला. मला भर गाडीत कुणी माझ्याकडे पाहिलेलं सोसत नाही, पण घेतलेलं परत न करणं त्याहून सोसत नाही.

मग मला सुचलं. ती माझ्या आधी कुठे चढते ते मी भाभींना विचारायला लावलं. भाभींनी बाळाला घेऊन दवाखान्यात तिला गाठलं, तिच्याशी थोडं इंग्रजी, थोडं हातवारे करून बोलल्या. ती दोन थांबे अलीकडे, बाजारापाशी चढायची. शनिवारी मी डबा घेऊन तिथपर्यंत चालत गेले. ती रांगेत होती. मी तिच्या पुढे घुसले. आयुष्यात रांगेत पुढे घुसण्याची माझी ती एकच वेळ. गाडी आली. मी आधी माझं कार्ड टेकवलं, टिट वाजलं. मग मूठ उघडून सगळी नाणी पेटीत टाकली आणि ड्रायव्हरला मागच्या म्हातारीकडे बोट दाखवलं. तिचं कार्ड डब्यापासून वीतभर वर होतं. ड्रायव्हरनं हातानंच तिला अडवलं आणि आत जा म्हणून खूण केली.

ती त्याच्यावर ओरडली, मग माझ्यावर ओरडली. मागची माणसं हसली. मी मान खाली घालून पेटीकडे बघत होते. काचेमागे नाणी पडलेली दिसत होती, तिनं टाकली होती तेवढीच.